22 पेमेंट, त्यातली 19 दोनशेच्या आतली

"ताई, मी 28 वर्षांचा, नाशिकला सातपूरच्या कंपनीत आहे, हातात 31 हजार येतात. संध्याकाळी घरी आलो की मोबाइलवर गेम खेळतो, तेवढाच विरंगुळा. बायकोने परवा विचारलं गेमवर महिन्याला किती जातात, मी बोललो पाचेकशे. नंतर प्ले स्टोअरची हिस्टरी उघडली आणि बंद केली, बेरीज करायची हिंमत झाली नाही. जूनचे स्क्रीनशॉट पाठवतोय, त्यात यूपीआयचे दोन वेगळे आहेत. शिवाय जानेवारीत एका गेमिंग सर्व्हिसचा वर्षाचा प्लॅन घेतला होता 1499 चा. गेम सोडायचे नाहीयेत मला, पण हे पैसे ठरवून जायला पाहिजेत. कसं करू?"
– एक वाचक, नाशिक

अरे, स्क्रीनशॉट पाठवलेस ते फार बरं केलंस, कारण आता हवेत बोलायला नको. तू बेरीज केली नाहीस ना, मी केली. काल रात्री वही घेऊन बसले आणि एकेक ओळ उतरवून काढली.

शूटिंग गेमचे 89 चे कॉइन पॅक आठ वेळा, म्हणजे 712. त्याच गेमचा सिझन पास 399. ते 29 रुपयांचं "फक्त आजच" वालं ऑफर सहा वेळा, 174. क्रिकेट गेममधले प्लेअर कार्डचे पॅक 159 चे तीन, 477. दोन सबस्क्रिप्शन, एक कोड्यांच्या गेममधल्या जाहिराती बंद करायचं 99 आणि एक व्हीआयपी का काय ते 179. आणि प्ले स्टोअरच्या बाहेर, टॉप-अप साइटवर यूपीआयने 250 दोनदा. सगळं मिळून 2540 रुपये. जानेवारीचा वर्षाचा प्लॅन बाराने भागला तर महिन्याला 125 पडतात, ते धरले तर 2665.

पाचशे म्हणालास ते खोटं बोलायचं म्हणून नाही हे मला माहितीये. तुझ्या डोक्यात तो 399 चा पास होता, कारण तो घेताना तू विचार केला होतास. बाकीच्याचा विचारच केला नाहीस म्हणून ते लक्षातही राहिलं नाही. बघ, जूनमध्ये एकूण 22 पेमेंट झाली आणि त्यातली 19 दोनशे रुपयांच्या आतली आहेत, आणि त्या 19 ची बेरीज होते 1641. म्हणजे जवळपास दोन तृतीयांश पैसा असा गेलाय की जाताना एकदाही टोचला नाही. त्यामुळे तुझा प्रश्न पास घ्यावा की नाही हा नाहीचे, तुला त्या 19 वर हात ठेवायचाय.

आता आधी हिशोब पूर्ण कर, कारण एका महिन्यावर बजेट ठरवू नये. जूनमध्ये एखादा इव्हेंट असेल, मेमध्ये नसेल. मागचे तीन महिने काढ. प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडे तुझा फोटो दाबला की Payments & subscriptions येतं, त्यात Budget & history. तिथे प्रत्येक खरेदी गेमच्या नावासकट दिसते. बँकेच्या स्टेटमेंटवर अवलंबून राहू नकोस, तिथे बहुतेक वेळा नुसतं गूगल प्ले एवढंच येतं, कुठल्या गेमला गेले ते कळत नाही. आणि हिस्टरी स्क्रोल करून कंटाळा आला तर जीमेलमध्ये पावत्या पडलेल्याच असतात, सर्चमध्ये हे टाक:

```
from:googleplay-noreply@google.com after:2025/04/01 before:2025/07/01
```

साल आणि महिने तुझ्या हिशोबाने बदल. त्या पावत्यांवर GPA ने सुरू होणारा ऑर्डर नंबर असतो, आणि सबस्क्रिप्शन परत परत कापलं गेलं असेल तर त्या नंबरच्या शेवटी दोन टिंबं आणि एक आकडा लागतो, पहिल्या रिन्यूअलला ..0, मग ..1, मग ..2 असं. तुझ्या 179 वाल्या पावतीवर ..6 दिसतोय मला. म्हणजे पहिलं पेमेंट आणि वर सात रिन्यूअल, एकूण आठ वेळा गेलेत, दर वेळी 179 च धरले तरी 1432 झाले. त्या गेमचं नाव बाकी कुठल्याच स्क्रीनशॉटमध्ये नाही, त्यात तू कॉइन घेतलेले नाहीस, काहीच नाही. खरं सांग, खेळतोस का तो अजून?

प्ले स्टोअरच्या बाहेरचं मात्र या हिस्टरीत येणार नाही. टॉप-अप साइट, पीसीवरचं स्टीम, कन्सोल असेल तर त्याचं स्टोअर, हे सगळं वेगळं असतं. ते यूपीआय अ‍ॅपच्या हिस्टरीतून आणि कार्डाच्या स्टेटमेंटमधून हाताने उतरवावं लागतं. लोक नेमके इथे चुकतात, प्ले स्टोअरचा आकडा बघून हुश्श करतात आणि बाहेरचे 500 तसेच राहतात.

आता सबस्क्रिप्शनचं, कारण हे सगळ्यात आधी मिटवण्यासारखं आहे. अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. हे मी स्वतः भोगलंय. भाचीसाठी एक गेम घेतला होता, महिना 149, ती दोन आठवड्यांत कंटाळली, मी अ‍ॅप उडवलं आणि विषय संपला असं धरून चालले. अकरा महिन्यांनी कळलं की पैसे जातच होते, 1639 रुपये, आणि मेसेज येत होते पण मी ते बँकेच्या बाकीच्या मेसेजमध्ये न वाचताच सरकवत होते. त्या पैशात तिला चांगली सायकलची टोपली, घंटी आणि हेल्मेट आलं असतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

तर प्ले स्टोअरमध्ये त्याच Payments & subscriptions मध्ये Subscriptions उघड, तिथून व्हीआयपी वालं कॅन्सल कर. कॅन्सल केलं तरी ज्या तारखेपर्यंतचे पैसे भरलेत तोवर ते चालू राहतं, म्हणून "महिना संपू दे मग बघू" असं करायची गरज नाही, आजच कर. फ्री ट्रायललाही हाच नियम लाव, गूगल प्लेवर ट्रायल सुरू केली की त्याच मिनिटाला कॅन्सल केलीस तरी ट्रायलचे दिवस सहसा पूर्ण मिळतात. मग तुझ्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे नावाचा भाग शोध, तिथे चालू असलेल्या सगळ्या मँडेटची, म्हणजे आपोआप पैसे कापायला तू दिलेल्या परवानग्यांची यादी असते. क्रम मात्र पाळ, आधी सर्व्हिसमध्ये जाऊन सबस्क्रिप्शन कॅन्सल, मग ऑटोपेत ते गेलंय का बघायचं. नुसतं मँडेट काढलंस तर सबस्क्रिप्शन तिकडे जिवंतच राहतं, पेमेंट फेल म्हणून मागे लागतात, आणि तू वैतागून दुसरं कार्ड टाकून मोकळा होतोस.

आणखी एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की असे ठरलेले पैसे कापायच्या आधी निदान 24 तास कळवायचं. पण 15 हजारांपर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी किंवा पिन मागायची सक्ती नाही (आधी ही मर्यादा 5 हजार होती, जून 2022 मध्ये वाढवली). म्हणजे तुझं 99 असो की 1499, ते न विचारता जाणार, फक्त आदल्या दिवशी एक मेसेज येणार. तोच मेसेज वाचायचा असतो. जानेवारीतला वर्षाचा प्लॅन ज्या तारखेला घेतलास त्याच्या दहा दिवस आधीचं रिमाइंडर आत्ताच फोनमध्ये लाव, नाहीतर पुढच्या जानेवारीत 1499 एकदम जातील आणि तो महिना कोलमडेल.

आता किती ठरवायचे. पगाराच्या इतके टक्के वगैरे मी सांगणार नाही, कारण तुझं भाडं, हप्ते, घरी किती पाठवतोस हे त्या टक्क्यांना माहीत नसतं. माझं म्हणणं असं की घरखर्च, हप्ते, बचत सगळं बाजूला काढल्यावर जो तुझा स्वतःचा हातखर्च उरतो, चहा, पेट्रोल सोडून बाहेरचं फिरणं, मित्रांबरोबरचं खाणं, त्या हातखर्चातून गेमचे पैसे यायला पाहिजेत. आणि हा आकडा बायकोबरोबर बसून ठरव. तिला आधी 2665 हा खरा आकडा सांग, मग नवा सांग. नुसता नवा सांगितलास आणि जुना नंतर तिला कुठून कळला तर बजेट राहील बाजूला.

मी उदाहरण म्हणून 1200 धरते, म्हणजे आत्ताच्या निम्म्याहूनही कमी. त्यातले ठरलेले आधी वेगळे काढ. कोड्यांच्या गेमचं 99 तू रोज खेळतोस असं दिसतंय, राहू दे. वर्षाच्या प्लॅनचे 125 दर महिन्याला बाजूला टाक, पुढच्या वर्षी घ्यायचा झाला तर पैसे तयार असतील आणि नाही घेतलास तर तुझेच आहेत. सिझन पास 399. हे झाले 623. उरले 577. हे 577 तुझे मोकळे, त्यात कॉइन घे, कार्ड घे, काहीही घे, कोणी विचारणार नाही. पण 577 म्हणजे 577.

पासबद्दल एक सांगते, यात खरंच पैसे वाचतात. बहुतेक गेममध्ये सिझन पास उशिरा घेतला तरी तोवर तू गाठलेल्या लेव्हलची सगळी बक्षिसं एकदम मिळतात. म्हणून पहिल्या दिवशी घ्यायचा नाही. सिझनचे शेवटचे आठ-दहा दिवस राहिले की बघायचं, किती लेव्हल झाल्यात, त्यात मला हवं ते आलंय का, आणि मग घ्यायचा. ज्या महिन्यात कामाच्या शिफ्टमुळे खेळणंच झालं नाही त्या महिन्यात 399 आपोआप वाचतात. तुझ्या गेममध्ये हे असंच आहे ना हे पासच्या पानावर एकदा वाचून घे, आणि लवकर घेतला तर काही जादा मिळतं का तेही बघ.

आता ते 577 सांभाळायचे कसे. प्ले स्टोअरच्या Budget & history मध्ये Set budget आहे, तिथे महिन्याचा आकडा टाकता येतो आणि जवळ आलास की ते सांगतं. टाक नक्की, पण ते खरेदी अडवत नाही हे लक्षात ठेव. 577 झाले तरी पुढचा 89 चा पॅक आरामात घेता येतो. आणि बाहेरच्या साइटवरचं त्याला दिसतच नाही.

अडवायचं असेल तर पैसेच तेवढे ठेवायचे. पगार झाला की गूगल प्लेचा रिचार्ज कोड घ्यायचा, 577 चा नको, 550 चा घे, आणि तो रिडीम करून प्ले बॅलन्समध्ये टाकायचा. मग महिनाभर पैसे देताना फक्त बॅलन्स निवडायचा, आणि अकाउंटला जोडलेलं कार्ड काढून टाकायचं. ज्या कार्डावर किंवा यूपीआयवर चालू सबस्क्रिप्शन लावलंय ते काढायच्या आधी सबस्क्रिप्शनचं पेमेंट दुसरीकडे न्यावं लागतं, तेवढं बघ. बॅलन्स शून्य झालं की त्या महिन्याचं संपलं. टॉप-अप साइटवर स्वस्त मिळतं म्हणून जात असशील तर निदान सहा महिने तिकडे जाऊ नकोस, दहावीस रुपये जादा गेले तरी चालतील पण सगळा खर्च एका जागी दिसू दे. कोड हा एकदा टाकला की पैसे परत बँकेत येत नाहीत, म्हणून एकदम दोन हजारांचा घेऊन ठेवू नको. आणि फोनवर कोणी कोडचा नंबर मागितला तर तो फसवणारा माणूस आहे, कोण असल्याचं सांगत असेल तरीही.

हिशोब रुपयांत ठेव, कॉइनमध्ये नको. हे का ते बघ. समजा तुला गेममधल्या तुझ्या कॅरेक्टरसाठी एक ड्रेस हवाय, 150 कॉइनचा, आणि 89 च्या पॅकमध्ये 60 कॉइन आहेत. दोन पॅकमध्ये 120 होतात, पुरत नाहीत, म्हणून तीन घ्यावे लागतात. 267 रुपये गेले. ड्रेसची किंमत कॉइनच्या भावाने बघितली तर 222 च्या आसपास येते, पण तुझ्या खिशातून 267 गेले आणि 30 कॉइन उरले. त्या 30 मध्ये काहीच येत नाही. ते वर कोपऱ्यात दिसत राहतात आणि दोन दिवसांनी 90 कॉइनचं काहीतरी येतं तेव्हा वाटतं, अरे 30 तर आहेतच, एकच पॅक घेतला की झालं. तुझ्या आठ पॅकमधले किती असे घेतलेस ते तूच आठवून बघ. म्हणून वहीत ड्रेस 267 असंच लिहायचं, उरलेले कॉइन फुकट धरायचे नाहीत.

वही म्हण किंवा गूगल शीट म्हण, चार रकाने पुरेत. तारीख, गेम, काय घेतलं, रुपये. आणि मी पाचवा सांगते, "सात दिवसांनी वापरतोय का". खरेदीच्या दिवशी तो रिकामा ठेवायचा आणि आठवड्याने हो किंवा नाही लिहायचं. शीटमध्ये रुपये D रकान्यात असतील तर वर एका चौकटीत हे टाक, मोकळ्यातले उरलेले किती ते कायम दिसेल:

```
=577-SUM(D2:D60)
```

यात फक्त मोकळी खरेदी लिहायची. ठरलेले 623 इथे आणायचे नाहीत, नाहीतर गोंधळ होतो. दर महिन्याला नवीन पान.

कार्ड पॅकचं जरा वेगळं आहे, ते मात्र मनापासून सांगते. कॉइनने ड्रेस घेतलास तर ड्रेस मिळतो. 159 च्या पॅकमधून तुला हवा तो बॅट्समन मिळेलच असं नाही. गूगल प्लेवरच्या गेमना अशा पॅकमध्ये काय मिळायची शक्यता किती हे आधी दाखवावं लागतं, कुठेतरी बारीक अक्षरात किंवा प्रश्नचिन्हाच्या मागे ते असतं. समजा एका कार्डाची शक्यता 1 टक्का आहे. आपल्याला वाटतं शंभर पॅक उघडले की मिळणारच. तसं नसतं, शंभर उघडूनही न मिळायची शक्यता 37 टक्के राहते. म्हणून पॅक घ्यायचाच तर "हे कार्ड मिळेपर्यंत" असं कधीच ठरवायचं नाही, "या महिन्यात एक पॅक" असं ठरवायचं, आणि काय निघालं त्याच्याशी बजेटचा संबंध ठेवायचा नाही.

तुझ्या स्क्रीनशॉटमधल्या वेळा बघितल्यास का? मी बघितल्या. 22 पैकी 14 पेमेंट रात्री अकरा ते दीडच्या मधली आहेत, आणि 29 वालं ऑफर तर सहाच्या सहा वेळा त्याच वेळात. दिवसभर मशीनवर उभा राहून आलेला माणूस, दोन मॅच हरलेला, समोर घड्याळ उलटं पळतंय, अशा वेळी 29 रुपये म्हणजे काहीच वाटत नाहीत. यात तू काही वेगळा नाहीस. म्हणून एकच नियम कर, रात्री दहानंतर खरेदी नाही. आवडलं तर स्क्रीनशॉट काढून ठेव आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बघ, हवंसं वाटलं तर घे, पैसे तुझेच आहेत. ऑफर तोवर गेलं तर जाऊ दे, ते "फक्त आजच" वालं तुला जूनमध्ये सहा वेगवेगळ्या दिवशी आलंय. आणि फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन शूटिंग आणि क्रिकेट या दोन गेमच्या नोटिफिकेशन बंद कर, खेळायचं असेल तेव्हा तू जाणारच आहेस.

चुकून काही घेतलं गेलं, बोट लागलं किंवा दोनदा पैसे गेले, तर 48 तासांच्या आत गूगल प्लेवर रिफंड मागता येतो. नंतर गेमवाल्या कंपनीला लिहावं लागतं आणि ते त्यांच्या मर्जीवर. पण घेतलं आणि पस्तावलो यासाठी हा रस्ता धरू नको, दर वेळी मिळत नाही आणि तोवर कॉइन वापरून टाकलेले असले तर आणखी अवघड.

पहिल्या महिन्यात हुकशील हे धरून चाल. 577 चे 700 झाले तर ते 123 पुढच्या महिन्याच्या कोडमधून कमी कर, 1200 चे 1300 करायचे नाहीत. उलट उरले तर पुढे ने, पण एकाच महिन्यापुरते, म्हणजे दिवाळीच्या सुमारास काही मोठं घ्यायचं असेल तर दोन महिन्यांचे साठवून घेता येईल आणि वर्षभराचे साठवून एकदम उडवायचा मोह होणार नाही. पगार वाढला म्हणून हा आकडा आपोआप वाढवू नको, सहा महिन्यांनी परत दोघं बसा आणि बघा. आकडा फारच आवळलेला वाटला तर मोकळेपणाने वाढवा, पण महिना सुरू व्हायच्या आधी.

तर आज व्हीआयपी कॅन्सल, ऑटोपेची यादी, जानेवारीचं रिमाइंडर. रविवारी एप्रिल-मेचा हिशोब आणि बायकोशी बोलणं. पगाराच्या दिवशी 550 चा कोड. आणि महिना झाला की मला शीट पाठव, बेरीज मला नकोय, ती तू आता करशील, मला तो पाचवा रकाना बघायचाय.